ट्रेलरमधल्या पार्श्वसंगीतामागचा मूळ चित्रपट कसा शोधावा

ट्रेलरमध्ये ऐकलेली एखादी स्वरावली मनात घर करते, पण ती कुणाची आहे हे पडद्यावर कुठेच लिहिलेले नसते. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर तो शेवटपर्यंत पाहिला, त्याच्या संगीताचा अल्बम पहिल्यापासून ऐकला, तरी ती स्वरावली सापडत नाही. याचे कारण ट्रेलर तयार करण्याच्या पद्धतीत आहे. चित्रपटाचे पार्श्वसंगीत साधारणपणे संकलन पूर्ण होत आल्यावर, म्हणजे प्रदर्शनाच्या थोडेच आधी ध्वनिमुद्रित होते. ट्रेलर मात्र त्याच्या कित्येक महिने आधी लोकांसमोर येतो. त्यामुळे ट्रेलर कापणाऱ्यांना दुसरीकडून संगीत आणावे लागते आणि हॉलिवूडमध्ये ते बऱ्याचदा आधीच्या एखाद्या चित्रपटातून आलेले असते. तो आधीचा चित्रपट कसा शोधायचा, याची मी स्वतः वापरत आलेली पद्धत येथे क्रमाने मांडली आहे.

उदाहरण म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ट्रेलर घेतो: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटाचा, म्हणजे २००२ साली आलेल्या ‘द टू टॉवर्स’चा. त्याच्या ट्रेलरच्या चढत्या भागात व्हायोलिनवर खाली उतरणारा एक छोटा स्वरसमूह पुन्हा पुन्हा वाजतो आणि त्यावर मोठा वाद्यवृंद आणि समूहगान चढत जाते. हे संगीत त्या चित्रपटात नाही. याचे उत्तर आज अनेकांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच शोधाची प्रत्येक पायरी तुम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल.

काय हाताशी असावे

फार काही लागत नाही. ट्रेलरची शक्य तितकी चांगली प्रत, बरे हेडफोन, संगणकावर ध्वनी कापण्यासाठी ऑडॅसिटी किंवा एफएफएमपेग यांपैकी एक साधन, फोनवर शझामसारखे गाणी ओळखणारे एक अॅप, आणि एक वही. ऑडॅसिटी आणि एफएफएमपेग दोन्ही मोफत मिळतात. वही मी आग्रहाने सांगतो, कारण या शोधात ऐकलेल्या गोष्टी पटकन एकमेकींत मिसळतात आणि कोणती शक्यता कशामुळे बाद केली हे दोन दिवसांनी आठवत नाही. पेटी किंवा कीबोर्ड वाजवता येत असेल तर पाचवी पायरी सोपी जाईल, पण ते अनिवार्य नाही.

१. ट्रेलर नेमका कोणता, हे आधी निश्चित करा

एकाच चित्रपटाचे टीझर, मुख्य ट्रेलर, दुसरा ट्रेलर आणि दूरचित्रवाणीसाठीच्या छोट्या जाहिराती असे अनेक अवतार असतात आणि प्रत्येकात वेगळे संगीत असू शकते. ‘अमुक चित्रपटाच्या ट्रेलरचे संगीत’ असा शोध घेतल्यावर जी उत्तरे मिळतात, ती बहुतेक वेळा यांतल्या भलत्याच अवताराबद्दल असतात. म्हणून ट्रेलरची लांबी, त्यातले पहिले आणि शेवटचे दृश्य, आणि तो पहिल्यांदा कधी आला तो महिना, एवढे वहीत लिहून ठेवा.

तारखेचे महत्त्व विशेष आहे. संगीत दुसऱ्या चित्रपटातून घेतले असेल तर तो चित्रपट ट्रेलरच्या आधीचा असला पाहिजे. ‘द टू टॉवर्स’चा ट्रेलर २००२ मधला, म्हणजे त्यानंतरचे सर्व चित्रपट आपोआप बाद होतात. ही चाळणी साधी आहे, पण पुढे फार उपयोगी पडते, कारण गाजलेले संगीत नंतरच्या डझनभर ट्रेलरमध्ये आणि कार्यक्रमांत वापरले जाते आणि शोधताना आधी तेच समोर येतात.

यातला पहिला सापळा म्हणजे चाहत्यांनी बनवलेले ट्रेलर. जुन्या चित्रपटाच्या दृश्यांवर कुणीतरी स्वतःच्या आवडीचे संगीत चढवून ते ‘अधिकृत ट्रेलर’ या नावाने टाकलेले असते. तुमची प्रत निर्मिती संस्थेच्या वाहिनीवरची किंवा चित्रपटाच्या डीव्हीडीवरची आहे का, हे पाहून घ्या.

दुसरा सापळा ट्रेलरच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीचा आहे. काही ट्रेलरमध्ये ती पाटी नसतेच. असली तरी तिच्यावरचे संगीतकाराचे नाव चित्रपटाच्या संगीतकाराचे असते, ट्रेलरमध्ये वाजलेल्या संगीताच्या रचनाकाराचे नव्हे. ‘द टू टॉवर्स’चे संगीत हॉवर्ड शोर यांचे आहे. त्या नावाच्या भरवशावर त्यांच्या अल्बमात हा तुकडा शोधत बसलात तर तो कधीही मिळणार नाही.

२. ट्रेलरमधले संगीत सुटे करून लिहा

अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये एकच रचना सलग वाजते असे क्वचितच होते. सुरुवातीला एक शांत तुकडा, कथेला वळण मिळते तिथे दुसरा, आणि शेवटच्या वेगवान दृश्यांवर तिसरा, अशी बांधणी सर्रास आढळते. हे तुकडे तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेले असू शकतात. शिवाय मधले ढोलांचे ठोके, घसरत जाणारे आवाज आणि कानठळ्या बसवणारा खर्जातला पितळी वाद्यांचा स्वर हे बऱ्याचदा संगीताचा भाग नसून स्वतंत्रपणे चिकटवलेले ध्वनी असतात.

ट्रेलर डोळे मिटून ऐका आणि जिथे संगीत बदलते ती वेळ मिनिटे-सेकंदांत लिहा. प्रत्येक तुकड्यासमोर कोणती वाद्ये आहेत, समूहगान आहे का, लय स्थिर आहे की चढत जाते, हे दोन-तीन शब्दांत नोंदवा. तुम्हाला हवा असलेला स्वरसमूह कोणत्या तुकड्यात आहे, हे आता ठामपणे सांगता आले पाहिजे. ‘ट्रेलरमधले संगीत’ मिळाल्याचा आनंद झाल्यावर ते पहिल्या तुकड्याचे निघाले, असे नवख्यांच्या बाबतीत नेहमी होते.

३. शक्य तितका स्वच्छ नमुना कापून घ्या

ओळखणाऱ्या अॅपला दहा-बारा सेकंदांचा नमुना पुरतो. संवाद आणि निवेदन जिथे सर्वांत कमी आहे असा भाग निवडा. ट्रेलरची फाइल तुमच्या संगणकावर असेल, तर पुढील आज्ञेने ४८व्या सेकंदापासून १२ सेकंदांचा ध्वनी वेगळा निघतो.

```
ffmpeg -i trailer.mp4 -ss 00:00:48 -t 12 -vn -ar 48000 clip.wav
```

निवेदकाचा आवाज संपूर्ण भागावर पसरलेला असेल तर एक जुनी युक्ती करता येते. स्टिरिओ ध्वनीत संवाद सहसा मधोमध, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच ठेवलेला असतो. वाद्यवृंद मात्र दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. एका बाजूतून दुसरी वजा केली की दोन्हीकडे सारखे असलेले सर्व काही नाहीसे होते आणि पसरलेली वाद्ये उरतात.

```
ffmpeg -i clip.wav -af "pan=mono|c0=0.5*c0+-0.5*c1" side.wav
```

ऑडॅसिटीत हेच करायचे तर स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक करा, त्यांतला एक उलटा करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. या युक्तीच्या मर्यादा ठाऊक असू द्या. खर्जातली वाद्ये आणि मोठे ढोलही मधोमधच असतात, त्यामुळे तेही जातात. संवादावर घुमारा चढवलेला असेल तर त्याची सावली मागे राहते. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी असेल तर हाती फक्त शांतता येते. म्हणून मूळ नमुना आणि हा वजाबाकीचा नमुना असे दोन्ही जपून ठेवा.

जुन्या ट्रेलरबाबत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, तर भारतात आणि युरोपात चालत आलेल्या पाल पद्धतीच्या दूरचित्रवाणीवर आणि डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवला जात असे. त्यामुळे चित्र आणि ध्वनी दोन्ही सुमारे ४ टक्के जलद होतात, आणि स्वर पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे सात दशांशाने वर सरकतो. कान हा फरक सहज माफ करतो, पण ओळखणारे अॅप करतेच असे नाही. तुमची प्रत अशा टेपवरून किंवा डीव्हीडीवरून घेतलेली असण्याची शक्यता असेल, तर नमुना ४ टक्के मंद करून आणखी एक प्रत बनवा.

```
ffmpeg -i clip.wav -af "asetrate=46080,aresample=48000" clip_slow.wav
```

४. अॅपला ऐकवा, पण उत्तराचा अर्थ नीट लावा

येथे या संपूर्ण लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. शझामसारखे अॅप रचना ओळखत नाही, ते विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखते. कोणत्या क्षणी कोणत्या उंचीचे स्वर सर्वांत ठळक आहेत, त्या ठळक बिंदूंचा नकाशा करून तो आपल्या साठ्यातल्या नकाशांशी जुळवणे, ही त्याची कार्यपद्धती आहे. म्हणून मागे गोंगाट असला तरी ते मूळ ध्वनिमुद्रण ओळखते, पण तीच रचना दुसऱ्या वाद्यवृंदाने वाजवली तर ती त्याच्या दृष्टीने पूर्णपणे निराळी गोष्ट असते.

ट्रेलरच्या जगात रचना पुन्हा वाजवून घेण्याची प्रथा मोठी आहे आणि तिला व्यावहारिक कारण आहे. जुन्या चित्रपटातले संगीत वापरायचे तर रचनेचा हक्क आणि त्या मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क असे दोन निरनिराळे हक्क घ्यावे लागतात. नव्याने वाजवून घेतले तर दुसऱ्या हक्काची गरज उरत नाही, आणि ट्रेलरला हवा तसा भव्यपणाही आणता येतो.

‘द टू टॉवर्स’च्या बाबतीत नेमके हेच घडले. मूळ रचना क्लिंट मॅन्सेल यांची. डॅरेन अॅरोनॉफ्स्की यांच्या २००० सालच्या ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ या चित्रपटासाठी ती लिहिली गेली आणि क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या चमूने ती वाजवली. ट्रेलरसाठी तीच रचना मोठा वाद्यवृंद आणि समूहगान घालून नव्याने बांधण्यात आली आणि त्या रूपाला ‘रेक्विएम फॉर अ टॉवर’ हे नाव मिळाले. नमुना ऐकवल्यावर अॅपने हे दुसरे नाव दिले, तर ते उत्तर बरोबर असूनही अपुरे आहे, कारण तुम्हाला हवा असलेला चित्रपट त्याच्या आणखी एक पायरी मागे उभा आहे.

म्हणून अॅपच्या प्रत्येक उत्तराला तीन प्रश्न विचारा. हे ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षाचे? त्यावर रचनाकार म्हणून कोणाचे नाव आहे, आणि वादक किंवा संकलक म्हणून कोणाचे? हीच रचना याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने आली आहे का? ट्रेलरनंतरच्या वर्षाचे ध्वनिमुद्रण मिळाले, तर ते मूळ असू शकत नाही, फार तर मूळ गोष्टीचा धागा असू शकतो. ‘ट्रेलरचे भव्य संगीत’ छापाच्या संग्रहांमधून आणि पियानोवर वाजवलेल्या आवृत्त्यांमधून अशी उत्तरे सतत येतात. ती टाकून देऊ नका. त्यांच्यावर मूळ रचनाकाराचे नाव बहुधा दिलेले असते, आणि त्या नावाच्या आधारे पुढे जाता येते.

अॅपने काहीच उत्तर दिले नाही, तर आधी वजाबाकीचा नमुना, मग मंद केलेला नमुना ऐकवा. तरीही काही मिळाले नाही, तर गुणगुणून शोधण्याची सोय गूगलच्या अॅपमध्ये आणि साउंडहाउंडमध्ये आहे. ती रचनेच्या चालीवर चालते, म्हणून पुन्हा वाजवलेल्या संगीतालाही लागू पडते. मात्र ती गाण्यांवर चांगली चालते आणि पार्श्वसंगीतावर बेताचीच, असे मला वाटते. चाल स्पष्ट असेल तरच तिच्याकडून अपेक्षा ठेवावी. तीन स्वरांचा घोळवलेला तुकडा गुणगुणला तर ती कुठल्याही गाण्याचे नाव पुढे करते.

५. स्वर लिहून काढा

यंत्रे थांबतात तिथे वही कामाला येते. स्वरलेखन येत नसले तरी चालेल. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या चालींच्या कोशात एक अतिशय सोपी पद्धत वापरली होती. पहिल्या स्वरासाठी तारा काढायचा, आणि पुढचा प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा वर गेला तर `U`, खाली आला तर `D`, आणि तोच राहिला तर `R` लिहायचे. बेथोवन यांच्या पाचव्या सिंफनीची सुप्रसिद्ध सुरुवात आपल्या सरगमीत प प प ग, म म म रे अशी होते, त्यातला गंधार कोमल. तिची नोंद अशी होईल.

```
*RRDURRD
```

म्युझिपीडिया या संकेतस्थळावर अशी नोंद टाकून चाल शोधता येते. तिथला साठा मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीताचा आहे, त्यामुळे चित्रपटाचे संगीत तिथे मिळेल याची खात्री नाही. तरीही ही पायरी मी कधी वगळत नाही, आणि त्याचे कारण पुढच्या परिच्छेदात आहे.

ट्रेलरमधले काही स्वरसमूह कोणत्याही चित्रपटाचे नसतात. मध्ययुगीन चर्चमधल्या ‘डिएस इरे’ या गायनाचे पहिले चार स्वर, सरगमीत ग रे ग सा, गंधार कोमल, म्हणजे `*DUD`, हे शेकडो वर्षे मृत्यूची सूचना म्हणून वापरले जात आहेत. बर्लिओझ यांनी ते १८३० सालच्या आपल्या सिंफनीत घेतले, आणि १९८० सालच्या ‘द शायनिंग’ या चित्रपटाच्या सुरुवातीलाही तेच ऐकू येतात. असे चार स्वर ट्रेलरमध्ये ऐकून ‘हे द शायनिंगचे संगीत’ असे म्हणणे घाईचे ठरेल. तीच गोष्ट ‘ओ फॉर्च्युना’ या गर्जणाऱ्या समूहगानाची. १९८१ सालच्या ‘एक्सकॅलिबर’मुळे ते चित्रपटाचे वाटते, पण ते कार्ल ऑर्फ यांच्या १९३७ साली प्रथम सादर झालेल्या ‘कार्मिना बुराना’मधले आहे. तुमच्या स्वरसमूहाची नोंद अभिजात साठ्यात जुळली, तर तुमचा प्रश्न बदलतो: मूळ चित्रपट कोणता, याऐवजी या अभिजात रचनेचे कोणते ध्वनिमुद्रण वापरले आहे, हे शोधावे लागते.

स्वर लिहिताना त्यांच्यासोबत दोन गोष्टी आणखी टिपा. स्वरसमूह किती मात्रांनी पुन्हा येतो, आणि त्याच्याखालचा आधारस्वर बदलतो की स्थिर राहतो. आपल्या उदाहरणात वरचा उतरता तुकडा जवळजवळ तसाच राहतो आणि खालचा आधार सरकत जातो, त्यामुळे तोच तुकडा प्रत्येक वेळी निराळा वाटतो. रचना पुन्हा वाजवली, वाद्ये बदलली, तरी ही गोष्ट सहसा बदलत नाही. जुळवणी करताना यावरच विसंबायचे आहे.

६. नोंदींमध्ये उलट दिशेने शोधा

आता तुमच्याजवळ ट्रेलरचे नाव, महिना, वाद्ये आणि स्वरांची नोंद आहे. एवढ्या सामग्रीवर लिखित शोध सुरू करता येतो. चित्रपटाच्या नावाने शोधण्याऐवजी ट्रेलरच्या संगीताच्या नावाने शोधा, आणि संगीत अल्बमात नाही हे ज्यांच्या लक्षात आले आहे अशा लोकांचे शब्द त्यात घाला.

```
"two towers" trailer music composer
"two towers" trailer music "not in the film"
```

साउंडट्रॅक डॉट नेट या संकेतस्थळावर ट्रेलरमध्ये वापरलेल्या संगीताची स्वतंत्र नोंद ठेवलेली आहे. हॉलिवूडच्या जुन्या ट्रेलरसाठी मी सर्वांत आधी तिथे पाहतो. आयएमडीबीवरच्या चित्रपटाच्या पानावरही संगीताचा विभाग असतो, पण तो चित्रपटात वाजलेल्या गाण्यांचा असतो, ट्रेलरचा नव्हे. तिथे काही मिळाले नाही म्हणून शोध सोडू नका. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनाखाली कधीकधी संगीताची आपोआप जोडलेली माहिती दिसते. तीही ध्वनिमुद्रणावरूनच काढलेली असते, म्हणून चौथ्या पायरीतले तीन प्रश्न तिलाही लावा.

रचनाकाराचे नाव मिळाले की त्याच्या ट्रेलरपूर्वीच्या चित्रपटांची यादी काढा. क्लिंट मॅन्सेल यांचे नाव हाती आले आणि २००२ ही मर्यादा लावली, की यादी इतकी लहान होते की प्रत्येक अल्बम ऐकून पाहता येतो.

या पायरीवर शीर्षकांचा गोंधळ हमखास होतो. आपल्या उदाहरणातली मूळ रचना अल्बमवर ‘लक्स एटर्ना’ या नावाने आहे. हे शब्द लॅटिन प्रार्थनेतले असल्याने अनेक संगीतकारांनी ते वापरले आहेत. ग्यॉर्गी लिगेटी यांचे १९६६ सालचे ‘लक्स एटर्ना’ हे निव्वळ कंठसंगीत आहे आणि तेही एका गाजलेल्या चित्रपटात, १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये, वापरलेले आहे. फक्त शीर्षक शोधणारा वाचक तिथे पोहोचतो आणि ‘ही चाल तर अजिबात जुळत नाही’ म्हणून गोंधळतो. म्हणून शीर्षकासोबत रचनाकाराचे नाव नेहमी जोडा. याच्या उलट प्रकारही असतो: एकाच अल्बमात तोच स्वरसमूह निरनिराळ्या शीर्षकांखाली येतो. ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’च्या अल्बमात तो सुरुवातीच्या ‘समर ओव्हर्चर’ या तुकड्यातही आहे. ट्रेलरला अधिक जवळचा कोणता, हे दोन्ही ऐकूनच ठरते.

७. जुळवणी करा

नाव मिळाले म्हणजे शोध संपला असे मानू नका. अल्बममधली रचना आणि तुमचा नमुना ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा आणि आळीपाळीने ऐका. स्वरसमूहाचा उतार, तो परत येण्याचे अंतर, आणि खालच्या आधारस्वराची चाल या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. वाद्ये, वेग आणि उंची जुळली नाही तरी चालेल, पण त्याचे कारण सांगता आले पाहिजे. आपल्या उदाहरणात चार तंतुवाद्यांच्या जागी पूर्ण वाद्यवृंद आणि समूहगान आहे, आणि ते नव्या बांधणीमुळे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

याउलट, भावना जुळते पण स्वर जुळत नाहीत, असे झाले तर थांबा. ट्रेलरसाठी हुबेहूब त्याच धाटणीची, पण हक्काचा प्रश्न येऊ नये म्हणून स्वर बदललेली रचना करून घेण्याचीही पद्धत आहे. अशा वेळी तुम्हाला आठवलेला चित्रपट ही त्या रचनेची प्रेरणा असेल, तिचे मूळ नव्हे, आणि हा फरक नोंदवताना पुसट करू नये.

शेवटी तो मूळ चित्रपट प्रत्यक्ष पाहा. अल्बमात असलेला तुकडा चित्रपटात वेगळ्या रूपात असतो, कधी अर्धाच असतो. चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत संगीतकाराच्या नावाबरोबरच, इतर ठिकाणांहून घेतलेल्या रचनांची यादी असते. तुमचा स्वरसमूह त्या यादीतल्या एखाद्या रचनेतला असेल, तर मूळ आणखी मागे आहे.

८. मागे चित्रपट नसेल तेव्हा

काही वेळा सर्व पायऱ्या पार पाडूनही चित्रपट मिळत नाही, कारण तो नसतोच. फक्त ट्रेलरसाठी संगीत तयार करून ते भाड्याने देणाऱ्या संस्था आहेत. २००६ साली सुरू झालेली टू स्टेप्स फ्रॉम हेल ही त्यांतली सर्वांत परिचित. त्यांच्या रचना सुरुवातीला फक्त व्यवसायातल्या लोकांसाठी असत, त्यामुळे जुन्या शोधांत त्यांची नावे सहज सापडत नाहीत. २०१० सालच्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरमधली ‘माइंड हाइस्ट’ ही रचना झॅक हेम्सी यांची आहे. चित्रपटाचे संगीतकार हान्स झिमर असल्यामुळे ती त्यांच्या नावावर खपवली जाते, पण ती त्या चित्रपटात नाही. ढोलांचा भरणा, अडीच मिनिटांत शांततेपासून शिखरापर्यंतची सरळ चढण, आणि दृश्य बदलताना नेमके थांबे, ही चिन्हे दिसली तर चित्रपटांच्या आधी या संस्थांच्या यादीत पाहणे वेळ वाचवते.

९. हिंदी आणि मराठी ट्रेलर असेल तर

येथे अडचण वेगळी आहे. आपल्याकडे अल्बम गाण्यांचा निघतो. पार्श्वसंगीत बऱ्याचदा स्वतंत्रपणे प्रसिद्धच होत नाही, त्यामुळे ओळखणाऱ्या अॅपच्या साठ्यात जुळवायला काहीच नसते. शिवाय गाण्यांचा संगीतकार आणि पार्श्वसंगीताचा संगीतकार निरनिराळे असू शकतात. ‘३ इडियट्स’ची गाणी शांतनु मोइत्रा यांची, पण पार्श्वसंगीताच्या श्रेयात संजय वांद्रेकर आणि अतुल राणिंगा यांची नावे येतात. ट्रेलरच्या पाटीवर मात्र ‘संगीत’ म्हणून गाण्यांच्या संगीतकाराचे नाव ठळक असते. म्हणून अल्बमाऐवजी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘पार्श्वसंगीत’ या शब्दापुढचे नाव पाहा, आणि त्या व्यक्तीचे आधीचे चित्रपट ट्रेलरच्या तारखेची चाळणी लावून प्रत्यक्ष पाहा. यात अॅपचा उपयोग जवळजवळ नाही. स्वरांची नोंद आणि तुमचा कान यांवरच काम भागवावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

१०. जाणकाराला विचारायचे असेल तर

पार्श्वसंगीताचा संग्रह करणारे लोक मदतीला तत्पर असतात, पण ‘त्या ट्रेलरमधले व्हायोलिनचे संगीत कोणते’ या प्रश्नाला त्यांच्याकडेही उत्तर नसते. प्रश्नासोबत या गोष्टी द्या:

- ट्रेलरचा नेमका अवतार, त्याची लांबी आणि तो आला तो महिना
- हवा असलेला तुकडा सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ
- कापलेला नमुना, शक्यतो वजाबाकी करून आणि मूळ अशा दोन्ही रूपांत
- स्वरांची नोंद, सरगमीत किंवा वर दिलेल्या खुणांमध्ये
- आतापर्यंत बाद केलेल्या शक्यता आणि त्या बाद करण्याचे कारण

यातली शेवटची नोंद बहुतेक जण देत नाहीत, आणि मग पहिली पाच उत्तरे तुम्ही आधीच ऐकून सोडून दिलेल्या नावांची येतात. उत्तर मिळाल्यावर सातव्या पायरीतली जुळवणी पुन्हा करा. ती पूर्ण झाली की रचनाकार, मूळ चित्रपट, मूळ ध्वनिमुद्रण आणि ट्रेलरमधले ध्वनिमुद्रण असे चार रकाने करून निकाल लिहून ठेवा. जो रकाना पडताळलेला नसेल, तो मोकळाच राहू द्या.